डोळा लागताना

व्हिडिओ अवघा सतरा सेकंदांचा होता. कडुनिंबाखाली शाळेची पिवळी व्हॅन उभी, ड्रायव्हरच्या सीटवर मान टाकून म्हस्कू बसलेला, तोंड जरासं उघडं. बारा सेकंद काहीच होत नाही. मग एकाएकी त्याचा उजवा पाय ताडकन उडतो, हात स्टिअरिंगवर आपटतो, सगळं अंग गचका खाऊन वर येतं आणि तो डोळे फाडून इकडंतिकडं बघतो. खाली लिहिलं होतं, ‘आपली मुलं कुणाच्या हातात आहेत बघा. याला फिट येते.’

दुपारी दीड वाजता हे पालकांच्या ग्रुपवर पडलं. सुट्टीच्या वेळेपर्यंत शाळेच्या गेटावर चाळीस मोटारसायकली उभ्या होत्या. म्हस्कूच्या व्हॅनमध्ये रोज एकवीस पोरं बसायची, त्या दिवशी बसलं एकच पोर. त्याची स्वतःची, आठवीतली राजनंदिनी.

“पप्पा, सगळे असं का बघत्यात?” तिनं विचारलं.

म्हस्कूला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्याकडं बटणाचा फोन होता.

म्हस्कू वरकुट्याचा. आजा-पणजानं मेंढरं राखली, बापानं ती विकून दोन एकर घेतलं, आणि म्हस्कूनं दोन एकर सांभाळत गाडी धरली. महामार्गाच्या कडेच्या त्या इंग्रजी शाळेत तो अकरा वर्षं व्हॅन चालवत होता. अकरा वर्षांत आरसासुद्धा फुटला नव्हता. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या तर तो शांतपणे मागं राहायचा, पोरांनी कितीही गलका केला तरी हॉर्न वाजवायचा नाही. पोरं त्याला म्हस्कूमामा म्हणायची. ड्रायव्हरची लेक म्हणून राजनंदिनीची फी माफ होती.

आणि दचकायचं म्हणाल, तर ते त्याला मिसरूड फुटल्यापासून होतं. डोळा लागता लागता पायरी चुकल्यागत व्हायचं, अंग उडायचं, आणि जाग यायची. त्याच्या बापालाही व्हायचं. “विहिरीत पडलो रं,” असं म्हणून म्हातारा स्वतःच हसायचा आणि कूस बदलून घोरायला लागायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. या हिवाळ्यात मात्र ते जरा वाढलं होतं. शेतीपंपाला रात्रपाळीची लाईट असली की म्हस्कू उसाला पाणी द्यायला जायचा, पहाटे येऊन पाठ टेकतो न टेकतो तोवर व्हॅन काढायची वेळ. मग दिवसभर चहावर चहा, आणि दुपारी कडुनिंबाखाली डुलकी.

त्या डुलकीत त्याला गाठलं ते विजयसिंहानं. डाळजेचा बागायतदार, पालक समितीचा मेंबर. मुलगा यशराज याला दवाखान्यात न्यायचं म्हणून तो दुपारी शाळेत आला होता. वाटेत व्हॅन दिसली. आधी एकदा अंग उडालेलं त्यानं पाहिलं, आणि पुन्हा उडतंय का बघायला फोन काढून उभा राहिला. हाक मारली नाही, काच वाजवली नाही. फोन धरून थांबला.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल सरांनी म्हस्कूला बोलावलं आणि त्यांच्याच फोनवर तो व्हिडिओ दाखवला. म्हस्कूनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला झोपेत पाहिलं. त्याला आधी लाज वाटली ती उघड्या तोंडाची.

“सर, ही फिट न्हाय. दचकलो मी. समद्यांनाच हुतं की.”

“मला पटतं रे. पण पालकांना कागद पाहिजे. बारामतीला मेंदूच्या डॉक्टरांकडं जा, लिहून आण. शनिवारी मीटिंग आहे. तोवर गाडीला हात लावू नको.”

*

बारामतीच्या त्या दवाखान्यात म्हस्कू आणि त्याची बायको भागूबाई सकाळी नवाला जाऊन बसले, नंबर लागला साडेबाराला. डॉक्टर प्राची पस्तिशीतल्या असतील. प्रिन्सिपल सरांनी पाठवून दिलेला व्हिडिओ त्यांनी आपल्या फोनवर तीनदा पाहिला, मग फोन बाजूला ठेवून सरळ म्हस्कूकडं वळल्या.

“झटका आल्यावर लगेच शुद्धीवर असता का?”

“लगीच. उलट जागच येती.”

“काय झालं ते आठवतं?”

“आठवतं की. पडल्यागत वाटतं.”

“कधी जीभ चावलीय? झोपेत कपडे ओले झालेत? उठल्यावर बराच वेळ काही सुधरत नाही, असं?”

“न्हाय.”

मॅडम भागूबाईकडं वळल्या. “आणि तुम्ही काय बघितलंय? चांगले जागे असताना, चहा पिताना, हातातनं कप उडतो असं कधी? सकाळी उठल्या उठल्या?”

“न्हाय बाई. निजताना येकदा-दोनदा उडत्यात, आन् मग घोरत्यात. मलाच लाथ बसती.”

मॅडम हसल्या. तरी खात्री करायला त्यांनी दुसऱ्या दिवशी मेंदूचा आलेख काढायला बोलावलं आणि आदल्या रात्री कमी झोपून यायला सांगितलं. म्हस्कूला त्यासाठी मुद्दाम जागावं लागलंच नाही. डोक्याला चिकट लेप लावून वायरी डकवल्या, दिवा मंद केला. थोड्या वेळात त्याचा डोळा लागला आणि ठरल्यासारखा पाय उडाला. तो घाबरून उठायला लागला तशी मशीनवरची मुलगी म्हणाली, “पडून राहा मामा, बरं झालं आला ते.”

आलेख नितळ निघाला. मॅडमनी कागद पुढं सरकवला आणि समजावून सांगितलं. माणूस जागेपणातून झोपेत उतरतो तेव्हा मेंदू एकदम बंद होत नाही, हळूहळू सुटत जातो. त्या वाटेवर कधी कधी एखादा इशारा अवचित स्नायूंकडं जातो आणि अंग उडतं. असं नेमकं का होतं हे अजून कुणालाच पुरतं माहीत नाही. पण दहातल्या सहा-सात माणसांना कधी ना कधी ते होतंच. ही मिरगी नव्हे.

“मग माजं वाढलं कशानं?”

“झोप कमी, चहा जास्त, रात्रीची मेहनत. आणि चिंता.”

“म्हंजे चिंतेनं हुतं व्हय हे?”

“चिंतेनं होतं असं म्हणता येणार नाही. निवांत माणसालाही होतं, लहान मुलालाही होतं. पण जे मुळात आहे ते चिंता वाढवते. मन दक्ष असलं की शरीर सुटायला तयार नसतं, आणि झटका आला की जागही चटकन येते. त्यात माणूस झटक्यालाच भ्यायला लागला तर संपलंच. भीतीनं झोप जाते, झोप गेली की झटके वाढतात, झटके वाढले की भीती. म्हणून सांगते, त्याला भिऊ नका. यायचा तेव्हा येईल, जायचा तेव्हा जाईल. मला काळजी आहे ती दुसरीच. तुम्ही झोपताय किती?”

“तीन-चार तास.”

“ते मात्र चालणार नाही. झटक्यानं गाडी पलटत नाही, तो तुम्ही झोपायला लागल्यावर येतो. पण न झोपलेल्या माणसाला चाकावर डुलकी लागते. पोरं बसतात तुमच्या गाडीत. सात तास झोप झाल्याशिवाय गाडी काढायची नाही, कबूल?”

म्हस्कूनं मान खाली घातली. ही गोष्ट त्याला लागली, कारण ती खरी होती. बाहेर आल्यावर भागूबाई म्हणाली, “आजपासनं रातचं पाणी मी धरते. तुमी निजायचं.”

एसटीत बसल्यावर त्यानं कागद तीनदा उघडून पाहिला. इंग्रजी होता. घरी राजनंदिनीनं तो वाचला, अडखळत मराठीत सांगितला. मिरगी नाही. आलेख नॉर्मल. झोपेच्या सुरुवातीचे निरुपद्रवी झटके. अपुरी झोप आणि चिंता यांनी वाढलेले. पुरेशी झोप घेऊन गाडी चालवण्यास हरकत नाही.

“झालं की मग,” म्हस्कू म्हणाला. “शनिवारी हेच दावायचं.”

पण त्या रात्रीपासून एक वेगळंच सुरू झालं. भागूबाई पाण्यावर गेलेली, शेतात जायचं नाही, सकाळी गाडी नाही. निजायला रात्रभर मोकळा, आणि झोप येईना. गुंगी चढायला लागली की वाटायचं, आता येणार. आणि यायचाच. काळीज धडधडायचं. परत गुंगी, परत गचका. पूर्वी रात्रीतून एखाद-दुसरा यायचा, आता दहा-बारा. पूर्वी त्याला झटक्यानं जाग यायची, आता तो जागा राहून झटक्याची वाट बघायचा. मॅडमनी सांगितलेला शब्द न् शब्द आठवत होता, पण भिऊ नका म्हटल्यानं भीती थांबत नव्हती. शनिवार उजाडला तेव्हा तीन रात्रींत मिळून तो सहा तासही झोपला नव्हता.

*

मीटिंग शाळेच्या लायब्ररीत होती. तीस-पस्तीस पालक, पुढच्या रांगेत विजयसिंह. म्हस्कू दाराजवळ उभा. कुणी बस म्हणालं नाही. प्रिन्सिपल सरांनी कागद वाचून दाखवला आणि डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. मागच्या दोघी-तिघी बायका एकमेकींकडं बघून कुजबुजल्या, “आमच्या ह्यांना पण होतं की.” क्षणभर वाटलं, मिटलं.

विजयसिंहानं कागद मागून घेतला.

“हितं लिहिलंय चिंतेनं वाढलेले. कसली चिंता हाय तुला म्हस्कू?”

“काय न्हाय मालक. व्हिडिओ आल्यापासनं हाय ती.”

“म्हंजे माज्यामुळं?”

“तसं न्हाय म्हटलं मी.”

“मग कशानं? दारू? घरात भांडण? डॉक्टर उगं लिहितो का?” तो पालकांकडं वळला. “मिरगी न्हाय, मान्य. पण डोकं तर ठिकाणावर न्हाय. चिंतेचा पेशंट पोरांच्या गाडीवर बसवायचा का?”

“चिंता म्हणजे वेड नाही, विजयसिंहराव,” प्रिन्सिपल म्हणाले, पण ते इतक्या हळू की पहिल्या रांगेपलीकडं गेलं नाही.

मग साखरबाईला बोलावलं. ती व्हॅनमधली मावशी, पोरं चढवायची-उतरवायची. सात वर्षं ती म्हस्कूच्या मागच्या सीटवर बसलेली, त्याच्या डब्यातली भाकरी खाल्लेली.

“दचकतो का रोज?” विजयसिंहानं विचारलं.

साखरबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “व्हय. दुपारी निजला की दचकतो.”

“गाडी चालवताना?”

“न्हाय बघितलं.”

“बघितलं न्हाय, का हुत न्हाय?”

तिनं एकदा म्हस्कूकडं पाहिलं आणि मान फिरवली. “मी पोरांकडं बघत असते, सायेब. मला काय ठावं.”

हुत न्हाय, एवढंच म्हणायला हवं होतं तिनं. म्हस्कूला राग आला नाही.

“माझं म्हणणं सरळ हाय,” विजयसिंह म्हणाला. “कागदावर काय बी लिहून मिळतं. आपल्या डोळ्यांनी बघू. हितं आजारी पोरांची खोली हाय, खाट हाय. झोपू दे त्याला. दचकला तरी शुद्धीवर ऱ्हातो, बोलतो, असं डॉक्टर म्हणत्यात ना? दिसंल की.”

प्रिन्सिपल म्हणाले, “हे काही बरं नाही.” दोन-चार पालक खाली बघायला लागले. पण कुणी उठून गेलं नाही.

आणि म्हस्कूच पुढं आला. त्याला वाटलं, बघू देत. मशीनपुढं उडालो तेव्हा ती मशीनवरची पोरगी म्हणाली, बरं झालं. ह्यांच्यापुढं उडीन, लगेच उठून नाव सांगीन, वार सांगीन. दिसल्यावर तरी कळेल. “झोपतो मी,” तो म्हणाला.

खोली लहान होती. खाट पोरांच्या मापाची, पाय बाहेर येत होते. खिडकीला जाळी आणि जाळीबाहेर तोंडंच तोंडं. बाकीचे दारात. तो भिंतीकडं तोंड करून निजला तसा विजयसिंह म्हणाला, “हिकडं वळ. दिसलं पाहिजे.” तो वळला. डोळे मिटले. कुणीतरी खोकलं, कुणाच्या तरी फोनची टिकटिक झाली. बायांचं हळूच हसणं. त्याला वाटलं, आता ह्या जन्मात झोप येत नाही.

पण तीन रात्रींचं जागरण होतं. लाजेनं जे अडवलं होतं ते थकव्यानं केलं. दहाएक मिनिटांत आवाज लांब गेले, अंग सैल झालं, आणि पायाखालची पायरी सरकली.

दोन्ही पाय खाटेच्या लोखंडावर धाडकन आपटले. तोंडातून “आय्या” असा चमत्कारिक आवाज निघाला. दारातली एक बाई किंचाळली. एक पालक मागं सरताना दुसऱ्याच्या पायावर पडला, आणि मग हशा उसळला.

म्हस्कू उठून बसला होता. काळीज धाडधाड उडत होतं, तरी त्यानं ठरवलेलं सगळं नीट सांगितलं. “मी म्हस्कू. आज शनवार. म्हैना फेब्रुवारी. हितं समदे पालक हायेत. मला समदं कळतंय. बघा, मला समदं कळतंय.”

कुणी ऐकत नव्हतं. बाया पोरांना हाका मारत पांगायला लागल्या होत्या. विजयसिंहानं फोन खिशात टाकला. “बास झालं. ह्याच्यावर अजून काय बोलायचं?”

शनिवारची अर्धी शाळा तेवढ्यात सुटली होती. व्हरांड्यात पोरांचा घोळका जाळीला नाक लावून उभा होता, आणि त्यात दप्तर पोटाशी धरून राजनंदिनी. तिनं सगळं पाहिलं होतं. म्हस्कूनं तिला हाक मारायला तोंड उघडलं तोवर ती वळून चालायला लागली.

प्रिन्सिपल सरांनी किल्ल्या मागितल्या तेव्हा त्यांची मान वर नव्हती. “तुझी चूक नाही, म्हस्कू. मला कळतं.”

“कळतंय तर मग?”

“मला कळून काय उपयोग? पोरं त्यांची आहेत.”

सोमवारी डॉक्टर प्राचींनी स्वतः शाळेत फोन केला. साहेब वर्गावर आहेत, असं दोनदा सांगण्यात आलं. तिसऱ्यांदा कुणी उचलला नाही.

*

राजनंदिनीनं चार दिवस बापाशी अक्षर काढलं नाही. शाळेत काय चाललंय ते भागूबाईला वर्गातल्या एका पोरीच्या आईकडून कळलं. ती वर्गात शिरली की पोरं बाकांवर माना टाकायची आणि एकदम उडून उठायची. आधी मागचं बाक, मग पुढचं, मग सगळा वर्ग. शिकवणारी बाईसुद्धा एकदा हसली म्हणे. यशराज सगळ्यांत चांगलं उडायचा.

पाचव्या दिवशी म्हस्कू तिच्यासमोर बसला. “पोरी, डॉक्टरांनी सांगितलंय, हा रोग न्हाय. तूच वाचलंस की.”

“वाचलंय मी.”

“मग?”

“मग तुमी झोपलात कशाला?” तिचा आवाज चिरकला. “ते म्हटले झोप, तर झोपायचं? सगळ्यांम्होरं? नुसतं पडून ऱ्हायचं की डोळं मिटून! तेवढं पण जमलं न्हाय तुमाला?”

खरं होतं. पडून राहता आलं असतं.

मार्चात त्यानं पशुखाद्याच्या गोडाऊनवर पोती उतरवायचं काम धरलं. संध्याकाळी सहाला सुटी. चहा दोन कपांवर आला. रात्रीचं पाणी भागूबाईच धरत होती. आता कुणाला काही दाखवायचं उरलं नव्हतं, कुणी हिरावून घ्यावं असंही काही नव्हतं. हळूहळू झटके कमी झाले. आठवड्यातून एखादा यायचा, तो दचकून उठायचा आणि कूस बदलून झोपायचा. मॅडम म्हणाल्या होत्या अगदी तस्सं. बरा झाला होता म्हस्कू. पण बरं वाटलं का, असं भागूबाईनं विचारलं तेव्हा तो नुसता पोत्याच्या सुतळीनं कापलेली बोटं बघत बसला.

जूनमध्ये राजनंदिनी गावच्या हायस्कुलात नववीला बसली. फी माफी संपली होती, आणि असती तरी ती तिकडं जाणार नव्हती. नव्या शाळेत कुणी काही बोलू नये म्हणून ती कुणाशी बोलायचीच नाही. पहाटे चारला उठून अभ्यास, रात्री अकरापर्यंत अभ्यास. पहिली यायचंच, असं तिनं मनाशी घेतलं होतं. भागूबाई म्हणायची, “पोरगी वाळत चालली.”

एका रविवारी दुपारी म्हस्कू ओट्यावर दोरखंड वळत बसला होता. आत राजनंदिनी सतरंजीवर पुस्तक छातीवर घेऊन कलंडली होती. म्हस्कूनं सहज आत बघितलं. तिचे डोळे मिटत आले, पुस्तक घसरलं, श्वास लांबला. आणि मग तिचा पाय ताडकन उडाला. सगळं अंग गचका खाऊन वर आलं. ती धडपडून उठली आणि पहिल्यांदा तिनं काय केलं, तर दाराकडं बघितलं. कुणी पाहिलं का ते.

बापलेकीची नजर भिडली.

म्हस्कू उठून उंबऱ्याशी आला. “कायबी झालं न्हाय गं. जागरण झालंय तुजं. नीट झोपलीस की कमी हुतंय, माजं झालं की. मला पण असंच—”

“तुमच्यागत न्हाय मला!” ती ओरडली. “तुमच्यागत म्हणू नका!”

“बरं. न्हाय म्हणत. पण भिऊ नगंस. भ्यालीस की वाढतंय ते.”

“तुमी बघितलं. कितीदा झालं? एकदाच ना? आईला सांगू नका. कुणाला सांगू नका.”

“न्हाय सांगत. नीज तू. मी हितंच बसतो, कुणी येणार न्हाय.”

ती सतरंजीवरून उठली. तिनं त्याच्या छातीवर तळवा ठेवून त्याला हळूच उंबऱ्याबाहेर सारलं, जसं आजारी जनावराला बाजूला सारतात, आणि दार लोटलं. आतून कडी लागली. मग खिडकीही मिटल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर पुस्तकाची पानं उलटल्याचा. ती निजली नव्हती. म्हस्कू बराच वेळ दाराला कान लावून उभा होता, पानं उलटतच होती.